किती स्पर्शांनंतर रेषेवर भरवसा ठेवावा?

आपल्या व्यापारी घरांत सोने, कापूस, हळद यांच्या भावांबरोबर आता बिटकॉइनचा भावही बोलला जाऊ लागला आहे. बहुधा घरातील धाकटी पिढी संगणकाच्या पडद्यावर आलेख उघडते, दोन तळ जोडणारी एक तिरपी रेषा ओढते आणि सांगते, की भाव या रेषेला टेकला की पुन्हा वर जाणार. वडीलधारे मग साधाच प्रश्न करतात : ही रेषा खरी कशावरून? प्रश्न साधा असला, तरी मोठमोठ्या ग्रंथांतूनही त्याचे उत्तर अर्धवट मिळते. दोन स्पर्शांनी रेषा काढता येते आणि तिसऱ्या स्पर्शाने ती पक्की होते, एवढे सांगून ग्रंथकार पुढे जातात. स्पर्श कशाला म्हणावे, कोणता स्पर्श मोजावा आणि स्पर्श फार झाले तर काय होते, याचा उलगडा मात्र क्वचितच होतो. या लेखात तेवढाच विषय घेतला आहे आणि तो शक्य तितका एकाच उदाहरणाच्या आधाराने पाहू.

प्रथम शब्द समजून घेऊ. आलेखावरील प्रत्येक कॅन्डल एका दिवसाचा व्यवहार दाखवते : भाव कोठे उघडला, कोठे बंद झाला, दिवसभरात किती वर गेला आणि किती खाली आला. भाव खाली येऊन जेथून वळतो तो तळ आणि वर जाऊन जेथून परततो ते शिखर. चढत्या भावाचे तळ जोडले की खालची कलरेषा मिळते, तिलाच ट्रेंडलाइन म्हणतात. त्याच उताराची दुसरी रेषा मधल्या शिखरावरून ओढली, की दोन रेषांमध्ये एक पट्टा तयार होतो. हा समांतर पट्टा, म्हणजे चॅनेल. या पट्ट्यात भाव नदीच्या पात्रातल्या पाण्यासारखा एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जातो, अशी त्यामागची कल्पना आहे.

आता उदाहरण पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास पोहोचला आणि तेथून घसरू लागला. २४ जानेवारी २०२२ रोजी तो सुमारे ३२,९५० डॉलरपर्यंत खाली आला आणि तेथून वळला. १० फेब्रुवारीला त्याने सुमारे ४५,८५० चे शिखर गाठले. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्या दिवशी भाव सुमारे ३४,३२० पर्यंत कोसळला आणि त्याच दिवशी सावरलाही. (हे आकडे पूर्णांकित आहेत. निरनिराळ्या एक्सचेंजवर भाव थोडा थोडा वेगळा असतो, त्याविषयी पुढे येईलच.)

मार्चच्या आरंभी आलेख पाहणाऱ्याजवळ एवढीच सामग्री होती : दोन तळ आणि त्यांच्यामधले एक शिखर. पट्टा काढायला इतके पुरते. दोन तळांमधले अंतर ३१ दिवसांचे आणि फरक १,३७० डॉलरचा, म्हणजे खालची रेषा दररोज सुमारे ४४ डॉलरनी चढते. १० फेब्रुवारीला ही रेषा ३३,७०० वर होती आणि त्या दिवसाचे शिखर ४५,८५० वर. दोहोंमधील अंतर १२,१५० डॉलर, हीच पट्ट्याची रुंदी. वरची रेषा त्या शिखरावरून सुरू होते आणि तीही दररोज ४४ डॉलरनीच चढते. पडद्यावर हे काम तीन टिचक्यांत होते. परंतु एकदा तरी हा हिशेब हाताने मांडून पाहावा, कारण त्यातूनच पुढची गोष्ट लक्षात येते.

ती गोष्ट अशी, की या घडीला पट्ट्याला स्पर्श तीन असले तरी पुरावा शून्य आहे. खालची रेषा त्या दोन तळांवरूनच ओढली आहे, तेव्हा ती त्यांना स्पर्श करणारच. जगातील कोणत्याही दोन बिंदूंमधून एक सरळ रेषा जाते. वरची रेषाही त्या शिखरावर आपणच नेऊन ठेवली. पेढीवर नवा व्यापारी उधारी मागायला येतो, तेव्हा त्याने स्वतः आणलेली ओळखपत्रे आपण पाहतो खरी, पण त्याची पत ठरते ती आपण माल दिल्यानंतर तो वायदा कसा पाळतो त्यावर. रेषेचेही तसेच आहे. रेषा काढल्यानंतर जे स्पर्श होतात तेवढेच साक्षीदार मानावेत. काढण्यासाठी वापरलेले बिंदू मोजणीतून वगळावेत.

पुढे काय झाले? २ मार्चला भाव ४५,४०० पर्यंत गेला आणि परतला. त्या दिवशी वरची रेषा ४६,७३० वर होती. म्हणजे भाव रेषेच्या तेराशे डॉलर अलीकडूनच वळला. हा स्पर्श म्हणावा का? हौशी माणूस येथे मनाला पटवतो, की जवळजवळ टेकलाच, आणि वरची रेषा किंचित खाली सरकवून स्पर्श जमवून घेतो. हा मोह टाळायचा असेल, तर जवळ म्हणजे किती जवळ, हे रेषा काढण्यापूर्वीच ठरवून वहीत लिहून ठेवले पाहिजे. माझा प्रघात असा आहे, की त्या काळातील एका दिवसाच्या सरासरी चढउताराचा चौथा हिस्सा ही मुभा धरावी. त्या महिन्यांत बिटकॉइन दिवसाकाठी साधारण दीड हजार डॉलर वरखाली होत असे, तेव्हा मुभा ४०० डॉलर धरू. या मापाने २ मार्चचे शिखर बाद होते.

१४ मार्चच्या सुमारास भाव ३७,५५० जवळून पुन्हा वर वळला. खालची रेषा तेव्हा ३५,१२० वर होती. येथेही स्पर्श नाही. मात्र अनेकांनी या नव्या तळाला पाहून जुनी रेषा पुसली आणि २४ फेब्रुवारीच्या तळापासून १४ मार्चच्या तळापर्यंत नवी, अधिक उभी रेषा ओढली. ती दररोज सुमारे १७९ डॉलरनी चढत होती. दिसायला ती फार सुंदर होती, भावाच्या अंगाला चिकटून चालणारी. पण अठरा दिवसांच्या अंतरावरील दोन बिंदूंवर ती उभी होती आणि रेषा काढल्यानंतरचा एकही साक्षीदार तिच्याजवळ नव्हता. ११ एप्रिलला ती ४२,५६० वर आली, भाव मात्र त्या दिवशी ३९,५०० च्या आसपास बंद झाला. रेषा तुटली म्हणून ज्यांनी घाबरून विकले त्यांना दहा दिवसांनी भाव पुन्हा ४२,००० च्या वर गेलेला पाहावा लागला. म्हणजे या रेषेने टिकून आधारही दिला नाही आणि तिच्या तुटण्यालाही काही अर्थ उरला नाही. उभ्या रेषांचा हा स्वभावच आहे. रेषा जितकी उभी, तितके तिला जिवंत राहण्यासाठी भावाने रोज अधिक धावावे लागते.

दरम्यान जुन्या, सौम्य उताराच्या पट्ट्याचे काय? २८ मार्चला भाव सुमारे ४८,२०० पर्यंत चढला आणि तेथून परतला. वरच्या रेषेचा हिशेब करा : १० फेब्रुवारीपासून ४६ दिवस, दिवसाला ४४ डॉलर, म्हणजे रेषा ४७,८८० वर. फरक ३२० डॉलरचा, आपल्या मुभेच्या आत. पट्ट्याला मिळालेला हा पहिला खरा साक्षीदार. आणि तो विशेष मोलाचा होता, कारण वरच्या रेषेचा उतार शिखरांवरून काढलेलाच नव्हता. तो खालच्या दोन तळांवरून उसना घेतला होता. विक्री करणारे लोक आपल्या तळांच्या गणिताशी काही देणेघेणे नसताना त्याच उतारावर येऊन थांबले. पट्टा साध्या रेषेहून कसून तपासता येतो तो यामुळेच. एका बाजूच्या मोजमापावरून दुसऱ्या बाजूचे भाकीत होते आणि ते खोटे ठरण्याची पूर्ण शक्यता असते.

त्यानंतर भाव महिनाभर उतरत राहिला. १८ एप्रिलला तो ३८,५०० जवळून वळला, पण खालची रेषा तेव्हा ३६,६६० वर होती, तेव्हा तोही स्पर्श धरता येत नाही. अखेर १ मे रोजी भाव सुमारे ३७,४०० पर्यंत आला. रेषा त्या दिवशी ३७,२४० वर होती. हा दुसरा साक्षीदार. चार दिवसांत भाव ४०,००० जवळ गेला. आता खालच्या रेषेवर तीन आणि वरच्या रेषेवर दोन असे एकूण पाच स्पर्श झाले, त्यांपैकी काढल्यानंतरचे दोन. ग्रंथांच्या भाषेत हा पट्टा आता ‘पक्का’ झाला होता.

आणि ५ मे रोजी तो तुटला.

त्या आठवड्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढवला. ४ मे रोजी बाजाराने त्याचे हसून स्वागत केले, दुसऱ्या दिवशी मात्र शेअर आणि बिटकॉइन दोन्ही कोसळले. खालची रेषा ३७,४०० वर होती, दिवस बंद झाला तो ३६,५०० च्या आसपास. रेषेखाली सुमारे ९०० डॉलर, म्हणजे मुभेच्या दुपटीहून अधिक. दिवसाच्या मध्यात भाव रेषेखाली डोकावून परत आला असता तर त्याला तुटणे म्हटले नसते. २८ मार्चला तो वरच्या रेषेच्या ३२० डॉलर पलीकडे डोकावलाच होता. तुटणे ठरवताना दिवस कोठे बंद झाला हेच पाहावे.

या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. पाच स्पर्शांनंतरही पट्टा तुटला, मग त्या स्पर्शांचा उपयोग काय झाला? उपयोग हा, की तुटण्याला अर्थ आला. ज्याने १ मे रोजी ३७,४०० ला खरेदी केली आणि रेषा व मुभा पाहून ३६,८०० च्या खाली दिवस बंद झाला तर बाहेर पडायचे असे ठरवले होते, तो ३६,५०० च्या आसपास हजार डॉलरच्या आतबाहेर तोटा घेऊन मोकळा झाला. ज्याने ‘रेषा पाच वेळा टिकली आहे, सहाव्यांदाही टिकेल’ असे म्हणून माल धरून ठेवला, त्याने पुढच्या आठवड्यात टेरायूएसडी या नाण्याचा डॉलरशी असलेला बांध तुटताना पाहिला. १२ मे रोजी बिटकॉइन एक्सचेंजागणिक २५,००० ते २७,००० च्या दरम्यान आला होता.

पट्ट्याच्या रुंदीचा एक जुना संकेत आहे. पट्टा खाली तुटला, तर भाव साधारण रुंदीइतका आणखी खाली जातो. ३७,४०० मधून १२,१५० वजा केले तर २५,२५० येतात. १२ मेचा तळ त्याच्या जवळच आला, हे पाहून अनेकांना रेषांमध्ये जादू दिसली. माझ्या मते येथे फार हुरळून जाऊ नये. टेरा कोसळणार हे रेषेला ठाऊक नव्हते आणि १८ जूनला भाव १७,६०० पर्यंत गेला तेव्हा २५,२५० चा तो तथाकथित मुक्काम वाटेतले एक स्टेशनच ठरला. रुंदीचे माप धोक्याचा अंदाज घ्यायला ठीक आहे. तेथे खरेदीची ऑर्डर लावून ठेवायला ते पुरेसे नाही.

आता उलट बाजू पाहू. स्पर्श वाढत गेले की रेषा अधिकाधिक मजबूत होते, हा समज सर्वत्र आहे. बिटकॉइनच्या इतिहासात त्याला २०१८ सालाने चांगलेच उत्तर दिले आहे. त्या वर्षी ६,००० डॉलरच्या आसपास एक आडवी आधाररेषा तयार झाली. ६ फेब्रुवारीला भाव तेथून वळला आणि ११,७०० पर्यंत चढला. जूनच्या अखेरीस तो किंचित खाली डोकावून वळला आणि जुलैत ८,५०० पर्यंत गेला. ऑगस्टच्या मध्यात पुन्हा तेथेच वळला आणि सप्टेंबरच्या आरंभी ७,४०० पर्यंत पोहोचला. नंतर तो ६,००० ते ६,८०० च्या दरम्यानच घुटमळू लागला. बाजारातल्या प्रत्येकाला ती रेषा माहीत होती. १४ नोव्हेंबरला ती तुटली आणि महिनाभरात भाव ३,२०० च्या खाली आला.

स्पर्शांची संख्या वाढत होती, पण दर उसळीची उंची पाहा : ११,७००, ८,५००, ७,४००, ६,८००. हीच खरी खूण. एखाद्या भावाला आधार मिळतो म्हणजे तेथे पैसा घेऊन थांबलेले खरेदीदार असतात. प्रत्येक स्पर्शात त्यांच्यातल्या काहींची खरेदी पूर्ण होते आणि ते बाजूला होतात. गोदामातला माल प्रत्येक गाडीबरोबर कमी व्हावा तसा हा साठा कमी होतो. शिवाय ज्यांनी तेथे खरेदी केली त्यांनी आपले स्टॉपलॉस त्याच रेषेच्या थोडे खाली लावलेले असतात. रेषा जितकी प्रसिद्ध, तितका हा ढीग मोठा. म्हणून रेषा तुटते तेव्हा नवे विक्रेते आणि हे जुने स्टॉप एकाच वेळी बाजारात येतात आणि घसरण एकदम खोल जाते. वायदे उधारीच्या पैशावर चालत असतील, तर एक्सचेंज स्वतःच सौदे कापू लागते आणि आगीत तेल पडते.

तेव्हा स्पर्श मोजताना त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात. मागच्या स्पर्शापासून किती दिवस गेले आणि स्पर्शानंतर भाव किती दूर गेला. दोन स्पर्शांमध्ये पुरेसे अंतर हवे. तीन दिवस भाव रेषेवर रेंगाळला, तर तो एकच स्पर्श समजावा. भाव रेषेपासून दूर जाऊन, निदान पट्ट्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश तरी, परत आला तरच दुसरा. आणि उसळ्या लहान होत असतील, स्पर्श लवकर लवकर येत असतील, तर चौथा-पाचवा स्पर्श आनंदाची बातमी नाही. माझा स्वतःचा कल असा आहे, की रेषा काढल्यानंतरच्या पहिल्या दोन स्पर्शांना सर्वांत अधिक वजन द्यावे आणि त्यानंतरच्या स्पर्शांकडे संशयाने पाहावे.

स्पर्शांची संख्या आलेखाच्या मापावरही अवलंबून असते, ही गोष्ट क्रिप्टोच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, कारण येथे भाव काही वर्षांत अनेक पट बदलतो. साध्या मापात १,००० ते २,००० आणि १९,००० ते २०,००० या दोन्ही वाढींना सारखीच उंची मिळते. पहिली वाढ मात्र दुपटीची आणि दुसरी पाच टक्क्यांची आहे. लॉग मापात सारख्या टक्केवारीला सारखी उंची मिळते. काही आठवड्यांच्या आलेखात दोहोंमध्ये फारसे अंतर पडत नाही. वर पाहिलेला २०२२ चा पट्टा दोन्ही मापांत जवळपास सारखाच दिसतो. वर्षांचा आलेख घेतला की मात्र चित्र बदलते.

१७ डिसेंबर २०१७ चे शिखर सुमारे १९,६६६ डॉलर आणि २६ जून २०१९ चे सुमारे १३,८८०. ही दोन शिखरे जोडणारी उतरती रेषा त्या काळी जगभर काढली गेली. दोहोंमध्ये ५५६ दिवस. साध्या मापात रेषा दिवसाला साधारण १०.४ डॉलरनी उतरते आणि १ जून २०२० रोजी १०,३३० वर येते. त्या दिवशी बिटकॉइन १०,४०० च्या जवळ जाऊन परतला आणि दुसऱ्या दिवशी जोरात पडला. साध्या मापात हा सुरेख तिसरा स्पर्श, काढल्यानंतरचा पहिला साक्षीदार. तीच दोन शिखरे लॉग मापात जोडली, तर त्या दिवशी रेषा ११,२०० च्या वर असते आणि भाव तिच्यापासून आठशे डॉलर दूरच राहतो. म्हणजे एकाच आलेखावर एकाला तीन स्पर्श दिसतात आणि दुसऱ्याला दोनच. जुलैच्या अखेरीस भाव वर निघाला, तेव्हा साध्या मापातील रेषा ९,७५० च्या आसपास तुटली आणि लॉग मापातील रेषा १०,८०० च्या वर. त्या वेळी वाढ इतकी वेगवान होती, की एका दिवसाच्या अंतराने दोन्ही तुटल्या. संथ बाजारात हेच हजार डॉलर ओलांडायला आठवडे लागले असते.

यातले कोणते माप बरोबर? दीर्घ काळासाठी मी लॉग माप घेतो, कारण पैसा गुंतवणारा माणूस टक्क्यांत विचार करतो. पण त्याहून आवश्यक गोष्ट ही, की माप आधी ठरवावे आणि स्पर्श नंतर मोजावेत. दोन्ही मापे उघडून ज्यात अधिक स्पर्श दिसतील ते निवडणे म्हणजे वजनकाट्यात आपल्या सोयीचे वजन टाकणे होय.

असाच मोह एक्सचेंजच्या निवडीत असतो. २०१७ चे तेच शिखर एका एक्सचेंजवर १९,६६६ तर दुसऱ्यावर शे-सव्वाशे डॉलर वर दिसते. घसरणीच्या दिवशी कॅन्डलच्या शेपट्या तर आणखी वेगवेगळ्या होतात, कारण ज्या ठिकाणी उधारीचे सौदे कापले जातात तेथे भाव क्षणभर खूप खाली जातो. ज्या एक्सचेंजवर आपण सौदा करतो, किंवा जेथे डॉलरमध्ये मोठी उलाढाल होते असे एकच ठिकाण निवडावे आणि त्याच्याच आलेखावर टिकून राहावे. शेपट्यांवरून रेषा काढायची की बंद भावावरून, हेही एकदाच ठरवावे. वरच्या उदाहरणात मी शेपट्यांची टोके घेतली आहेत. बंद भाव घेतले तर २४ फेब्रुवारीचा तळ जवळजवळ नाहीसाच होतो, कारण त्या दिवशी भाव ३८,००० च्या वर बंद झाला होता, आणि पट्टा वेगळाच निघतो.

दिवस बंद होण्याची वेळही आपल्या सवयीची नाही. क्रिप्टोचा बाजार रविवारीही चालू असतो. १ मे २०२२ चा तो स्पर्श रविवारीच झाला होता. बहुतेक आलेखांत दैनिक कॅन्डल जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री दहा वाजता रेषेखाली दिसणारा भाव हा अजून ‘बंद’ भाव नाही. अशा वेळी पहाटेची कॅन्डल पाहूनच निर्णय घ्यावा. हा नियम पाळला तर रात्रीच्या घाईतले बरेच सौदे आपोआप टळतात.

आपल्या देशात या साऱ्याला आणखी एक हिशेब जोडावा लागतो आणि व्यापारी घराने तो आधीच करावा. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर, आणि एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का करकपातही होते. ती पुढे विवरणात समायोजित होते, पण तोवर भांडवल अडकते.

समजा, आपली रेषा पाचांपैकी तीन वेळा बरोबर ठरली. तीन सौद्यांत दहा दहा हजार मिळाले, दोन सौद्यांत दहा दहा हजार गेले. शेअरबाजारात याला कोणीही बरे काम म्हणेल, हातात निव्वळ दहा हजार आहेत. येथे मात्र कर लागतो तो तीस हजारांच्या नफ्यावर. ३१.२ टक्क्यांनी तो ९,३६० रुपये होतो आणि शिल्लक राहतात ६४० रुपये, तेही एक्सचेंजचे शुल्क न धरता. नफा आणि तोटा समान आकाराचे असतील, तर शंभरांत साठ वेळा बरोबर ठरणारी रेषाही आपल्याला जेमतेम जागच्या जागी ठेवते.

म्हणूनच दोन बिंदूंच्या, अठरा दिवसांच्या उभ्या रेषेवर सौदा करणे येथे विशेष महाग पडते. अशा रेषांची संख्या पुष्कळ, त्या वारंवार तुटतात आणि प्रत्येक तुटण्याचा तोटा वजावटीत येत नाही. रुंद पट्ट्यात, काढल्यानंतर निदान एक साक्षीदार मिळालेला, काठावर खरेदी करून पाचशे-हजार डॉलरचा धोका आणि पाच-सहा हजार डॉलरची शक्यता असलेला सौदा वर्षात दोन-चार वेळाच समोर येतो. १ मेच्या खरेदीत धोका सुमारे हजाराचा होता आणि पट्ट्याच्या मध्यापर्यंतची वाट सहा हजारांची. तो सौदा फसला, तरी त्याची मांडणी योग्य होती. एक असा सौदा यशस्वी झाला तर कर भरूनही चार फसलेल्या सौद्यांचा तोटा भरून निघतो.

वहीत प्रत्येक रेषेसाठी एक ओळ पुरते : रेषा कोणत्या तारखेला काढली, कोणते बिंदू वापरले, माप कोणते, मुभा किती. त्यापुढे काढल्यानंतरचे स्पर्श, तारीख आणि उसळीसह. रेषा हलवावीशी वाटली तर जुनी ओळ खोडू नये, नवी लिहावी आणि तिचा साक्षीदारांचा रकाना पुन्हा शून्यापासून सुरू करावा.